नवकंकरी: कोंडलेला गडी

[दगडी पायरी. झिजलेल्या रेघांवरून फिरणारं बोट.]

एकात एक तीन चौकोन आणि चारही बाजूंच्या मध्यावर त्यांना जोडणारी एकेक रेघ. आपल्याकडे हा पट जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेला सापडतो. खेळाचं नाव नवकंकरी. जर्मन लोक याला म्यूले म्हणतात, म्हणजे गिरणी.

घरं 24, खडे दोघांचे नऊ-नऊ. आधी आळीपाळीने मांडायचे, मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या घरात सरकवायचे. एका रेघेवर आपले तीन लागले की गिरणी झाली, समोरच्याचा एक खडा उचलायचा. दोनच खडे उरले तो हरला. पण खडे असूनही एकही हलवता येत नसेल, तोसुद्धा हरला. नवखा माणूस गिरणीच्या नादात नेमकं हेच विसरतो.

[पट वरून. चार कोपऱ्यांवर चार पांढरे खडे.]

मांडताना कोपरे सुरक्षित वाटतात. पण कोपऱ्यातून वाटा दोनच. बाहेरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत आपले खडे असतील, तर त्या बाजूंच्या चार मध्यांवर चार काळे ठेवले की चौघेही जागच्या जागी. उलट, मधल्या चौकोनाच्या बाजूंचे मध्य घ्या. तिथून प्रत्येकी चार वाटा फुटतात. ते चार खडे कोंडायला काळ्याला बारा खडे लागतील, आणि त्याच्याकडे आहेत नऊ. फक्त आपलेच खडे शेजारी खच्चून भरू नयेत. आपली वाट बरेचदा आपणच अडवलेली असते.

तीनच खडे उरले की नियम पालटतो. बऱ्याच ठिकाणी अशा गड्याला उडायची मुभा असते: कुठूनही उचला, कुठल्याही रिकाम्या घरात ठेवा. सगळीकडे हे मानत नाहीत, म्हणून बसण्याआधी ठरवून घ्यावं. उडणाऱ्याला कोंडता येत नाही. आपण गिरणी उघडली, की तो टुणकन त्या भोकात येऊन बसतो. म्हणून त्याचा चौथा खडा उचलण्याआधी दोन निरनिराळ्या जागी गिरणी लागायच्या बेतात हवी. एका खेपेला तो एकच भोक बुजवू शकतो.

पण चौथा उचलायलाच हवा असं कुठे आहे?

[चार पांढरे कोपऱ्यांत. काळे बाहेरच्या तीन मध्यांवर.]

पांढऱ्याचे चार उरलेत, चारही बाहेरच्या कोपऱ्यांत. वरच्या बाजूचा मध्य तेवढा मोकळा. काळ्याचा एक खडा त्याच्या बरोबर खाली, मधल्या चौकोनाच्या मध्यावर. खेळी काळ्याची. तो खडा एक घर वर सरकतो. गिरणी नाही, खडा उचलणं नाही.

पांढऱ्याचा हात पटावर येतो, एका कोपऱ्यावरून दुसऱ्याकडे जातो आणि रिकामाच मागे जातो.