लाल दिवा आणि आखाजीचा झोका

नमस्कार श्रोतेहो.

मी आधी बरीच वर्षं तांब्याच्या टेलिफोन लाइनींवर काम केलं आणि आता फायबरच्या जोडण्या करतो. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात मला सगळ्यात जास्त येणारा फोन एकच असतो: "भाऊ, डब्यावर लाल दिवा लागलाय, नेट गेलं." आज त्या लाल दिव्याबद्दलच बोलायचंय.

आधी डब्याजवळ जाऊन उभे राहा आणि नीट बघा, कोणता दिवा लाल आहे? डब्याच्या दिव्यांखाली बारीक अक्षरं असतात. त्यातले दोन दिवे लक्षात ठेवा. एकाखाली लिहिलेलं असतं पीओएन, दुसऱ्याखाली एलओएस. पीओएन हिरवा आणि स्थिर, एलओएस विझलेला, म्हणजे डबा कंपनीच्या यंत्राशी जोडलेला आहे. एलओएस लाल लुकलुकतोय आणि पीओएन विझलाय किंवा तोही लुकलुकतोय, म्हणजे काचेच्या तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही, किंवा फारच कमी पोचतोय. पुन्हा सांगतो, एलओएस लाल म्हणजे प्रकाश येत नाही.

आणि इंटरनेट असं लिहिलेला दिवा लाल असेल, पण पीओएन हिरवा स्थिर असेल, तर तुमची वायर चांगली आहे. अडचण बहुधा कंपनीच्या लॉगिनची किंवा बिलाची असते. तेव्हा वायरीला हातसुद्धा लावू नका. अशा वेळी लोक वायर उपसतात, ओढतात आणि चांगली लाइन बिघडवून ठेवतात. डब्याच्या मागे सुईच्या टोकाएवढं रीसेटचं भोक असतं, तेही दाबू नका. आतली सगळी नोंद पुसली जाते आणि मग बहुतेक वेळा माणूस घरी आल्याशिवाय डबा चालू होत नाही.

आता मी तुम्हाला एका घरातली गोष्ट सांगतो. वायर वाकणं म्हणजे काय, हे मला त्या घरात जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसरीकडे कुठेच दिसलं नाही.

अमळनेरच्या पुढे, बोरी नदीच्या अंगाचं एक गाव. आखाजीच्या आदल्या दिवशी तिथल्या एका आक्कांचा फोन आला. तक्रार अशी होती की नेट दिवसातून चार-पाच वेळा जातं, पाच-दहा मिनिटांत आपोआप परत येतं. आधी दोनदा माणूस येऊन गेला होता. तो आला की दिवा हिरवा. तो मोजमाप करायचा, सगळं ठीक निघायचं, चहा पिऊन निघून जायचा. तो फाटकाबाहेर गेला की तासाभरात पुन्हा लाल.

मी पोचलो तेव्हा आक्का ओट्यावरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हाऊ लाल दिवा पाही पाही मना डोया दुखी ग्यात." घर जुनं, धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, वर सागाचे सर, त्यावर माती. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत पाऊल टाकलं की गार. अशी घरं पाडून स्लॅब टाकतात आणि मग त्या स्लॅबखाली कूलर लावून बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. असो. फायबरची पांढरी वायर दारावरून आत आली होती आणि त्या सराच्या कडेकडेनं क्लिपा ठोकत कोपऱ्यातल्या फळीवरच्या डब्यापर्यंत नेली होती. काम स्वच्छ होतं. कुठे दुमडलेली नाही, कुठे उंदरानं कुरतडलेली नाही.

दिवा हिरवाच होता. मी डब्यातून हिरव्या टोकाची वायर काढून माझ्या मीटरला लावली. मीटरनं दाखवलं उणे एकवीस. हा आकडा प्रकाशाची ताकद सांगतो. घरापर्यंत येताना तो उणेच असतो, आणि उणे जितका मोठा तितका प्रकाश कमी. घरात साधारण उणे पंधरा ते उणे पंचवीसमध्ये आकडा असला की डबा सुखानं चालतो. उणे सत्तावीसच्या पुढे गेला की बहुतेक डबे हात टेकतात आणि लाल दिवा लावतात. म्हणजे उणे एकवीस हा अगदी चांगला आकडा होता. आधीच्या माणसालाही तोच मिळाला असणार.

मी वायर परत डब्याला लावली आणि तिथेच बसून राहिलो. त्या दिवशी घाई करायची नाही असं ठरवूनच गेलो होतो. आक्कांनी जेवायला वाढलं, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. रस हातानं पिळलेला होता. मिक्सरमधला रस मी रस मानत नाही, त्यात आंब्याचा दाणेदारपणा मरून जातो. जेवता जेवता आक्कांची थोरली लेक, माहेरी आलेली, मोबाईल घेऊन झोक्यावर जाऊन बसली. आखाजीला लेकी येतात म्हणून झोका घरातच बांधला होता. तिनं जावईबापूंना व्हिडिओ कॉल लावला. दोन शब्द झाले आणि कॉल तुटला. मी डब्याकडे पाहिलं. लाल!

"हे रोजचंच आहे," ती म्हणाली. "त्यांचाच फोन जुना आहे." ती उठली, डब्यापाशी आली, आणि मिनिटाभरात दिवा हिरवा झाला. ती परत झोक्यावर बसली. लाल. उठली. थोड्या वेळानं हिरवा. आता मी हातातली पोळी खाली ठेवली आणि वर पाहिलं. झोक्याचा दोर त्याच सराला बांधलेला होता, ज्याच्या कडेनं पांढरी वायर गेली होती. दोराचा वेढा बरोबर वायरीवरून गेला होता.

मी मीटर पुन्हा लावला. झोका रिकामा, उणे एकवीस. आक्कांच्या सात वर्षांच्या नातीला बसवलं, उणे चोवीस. ताईंना बसायला सांगितलं, उणे तीस. या मोजणीत तीनचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा. म्हणजे नातीच्या वजनानं निम्मा प्रकाश गळला तरी डबा चालू राहिला, आणि ताई बसल्या की आठवा भागच उरला, म्हणून लाल. पोरं दिवसभर झोके घेत होती तेव्हा नेट का जात नव्हतं आणि ताई बसल्या की का जात होतं, याचं उत्तर त्या तीन आकड्यांत होतं. आधीचा माणूस आला की सगळे अदबीनं उठून उभे राहायचे, झोका रिकामा. त्याला बिघाड दिसणार कसा?

मग मी त्यांना डोळ्यांनी दाखवलं. आमच्याकडे लाल प्रकाशाचं एक पेन असतं, ते वायरीच्या टोकाला लावलं. ताई झोक्यावर बसल्या की सराच्या कोपऱ्यावर, दोराच्या कडेला, पांढऱ्या वायरीतून लाल ठिपका उजळायचा. उठल्या की विझायचा. तिथूनच प्रकाश बाहेर सांडत होता. काचेच्या तारेचा गाभा केसापेक्षा बारीक असतो. त्यातून प्रकाश काठाकाठावर आपटत, आतल्या आत परत फिरत पुढे जातो. तार गोलाईनं वळली तर तो तिच्याबरोबर वळतो. पण तार एकदम कोपऱ्यात दाबली तर प्रकाश वळणाबरोबर वळत नाही, सरळ बाहेर निघून जातो. तांब्याची वायर खिळ्याला गाठ मारली तरी चालायची. ती सवय अजून आपल्या हातात आहे आणि काचेला ती चालत नाही.

मी हातभर अंतरातल्या क्लिपा काढल्या आणि वायर सरावरून उतरवून भिंतीच्या अंगानं सैल नेली. ताईंना बसवलं, आकडा एकवीसवर स्थिर. लाल पेन लावून पाहिलं, ठिपका नाही. म्हणजे काच वाकली होती, तडकली नव्हती. झोका जिथल्या तिथे राहिला.

निघताना मला आणखी एक दिसलं. डब्यामागे उरलेली वायर एका खिळ्याला घट्ट गुंडाळली होती, अंगठीएवढे वेढे. मी आक्कांना म्हटलं, "तुमची एक बांगडी द्या." त्यांची दोन-सहाची होती, आतून साधारण सहा सेंटीमीटर. वेढे त्या बांगडीएवढे करून सैल ठेवले. श्रोतेहो, हे माप लक्षात ठेवा. फायबरचा वेढा दोन-सहाच्या बांगडीपेक्षा लहान करू नका. नव्या जातीच्या वायरी याहून लहान वळण सोसतात, पण तुमच्या घरातली कोणत्या जातीची आहे ते वरून कळत नाही. म्हणून बांगडी.

तर एलओएस लाल दिसला की काय करायचं? डबा एकदा बंद करून चालू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. शेजारी त्याच कंपनीची लाइन असेल तर त्यांच्याकडे विचारा. त्यांचंही लाल असेल तर बिघाड बहुधा बाहेर कुठेतरी आहे, तुमच्या घरात शोधायची गरज नाही. त्यांचं हिरवं आणि तुमचं लाल असेल, तर डब्यापासून सुरुवात करून वायरीवर नजर फिरवत दारापर्यंत या. कपाटामागे दबली आहे का, पलंगाच्या पायाखाली आली आहे का, खिडकीच्या झडपेत अडकली आहे का, क्लिप जास्त ठोकून चपटी झाली आहे का, ते बघा. आणि झोका बांधला असेल तर दोर कशावरून गेला आहे तेही बघा. दबलेली जागा सापडली की ओढू नका, ताठ करायला जाऊ नका, फक्त तिच्यावरचा दाब काढा. मोकळी करा आणि पुन्हा तीन मिनिटं थांबा. नुसती वाकलेली असेल तर दिवा हिरवा होईल. नाही झाला तर आतली काच तुटली असेल. ती पिळून, चिकटपट्टी लावून जुळत नाही. तिला वितळवून जोडणारं यंत्रच लागतं.

हिरव्या टोकाचा कनेक्टर स्वतः उपसू नका. त्याच्या टोकावर बोट लागलं किंवा धूळ बसली तरी प्रकाश अडतो. आणि निघालाच तर त्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. आत येणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

तक्रार करताना नुसतं "नेट बंद आहे" म्हणू नका. सांगा, एलओएस लाल लुकलुकतोय, शेजारी हिरवं आहे, घरातली वायर मोकळी करून पाहिली. एवढं सांगितलं की येणारा माणूस मीटर आणि जोडणीचं यंत्र बरोबर घेऊनच येईल. आणि तो आला की उठून उभे राहू नका. नेट जाताना घरात जे चालू असतं, ते त्याच्यासमोर चालू ठेवा.

नमस्कार.