खिळ्याचा आठवडा

सोमवार. सकाळच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, टेबलावर चार परीक्षानळ्या आणि मूठभर खिळे. लोखंडाला गंज कशाने चढतो, ते पाहायचंय. खिळे चकचकीत दिसतात, पण बाई ते तसेच नळीत टाकू देत नाहीत. गेल्या वर्षी टाकले आणि आठवडाभर गंजाचा लाल ठिपकासुद्धा दिसला नाही. त्यांच्यावर जस्ताचा मुलामा होता! यंदा साधे खिळे आणलेत. त्यांचा तेलकटपणा साबणाने धुतला, मग पॉलिश पेपरने घासून लगेच कोरडे केले.

पहिल्या नळीत नळाचं पाणी. खिळा अर्धा बुडालेला, अर्धा हवेत. दुसरीतही तसंच, फक्त पाण्यात चमचाभर मीठ. चौथी नळी कोरडी, तळाशी नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेल आणि वर घट्ट बूच.

खरी कसोटी तिसऱ्या नळीची. तिच्यात पाणी हवं, पण हवा नको. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, म्हणून ते दहा मिनिटं खळखळ उकळून घ्यायचं. गरम असतानाच खिळ्यावर हळूच ओतायचं, खिळा पूर्ण बुडला पाहिजे, आणि वर लगेच तेलाचा थर द्यायचा. एका गटाने हात भाजेल म्हणून उकळलेलं पाणी उघड्या पातेल्यात निवू दिलं. निवताना पाण्याने हवा पुन्हा आत घेतली. गुरुवारी त्यांच्या खिळ्यावर तांबूस डाग होते. शेजारच्या गटाचा खिळा मात्र तसाच.

मिठाच्या नळीत बुधवारीच तळाला तपकिरी गाळ दिसला. मिठाचा गंज होत नाही. मिठामुळे पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, म्हणून तीच अभिक्रिया वेगाने होते. साध्या पाण्यातला खिळा मागून आला, पण आला. कोरडा खिळा आठवडाभर चमकतच राहिला.

पुढचा सोमवार. "बाई, खिळा नुसता झिजला असेल, बदलला कशावरून?" प्रश्न रास्त आहे. बाई नवा खिळा कानशीने घासतात. कागदावर पडलेला करडा कीस लोहचुंबकाला झटकन चिकटतो. खिळ्याचे तुकडे झाले, तरी ते लोखंडच. हा भौतिक बदल.

आता गंज. एकाने खिळा ब्लेडने खरवडला, तर ती पूडही थोडी चिकटली! खरवडताना आतलं लोखंड सोबत आलं होतं. मग दुसऱ्या नळीच्या तळाचा गाळ गाळून वाळवला. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी मिळून तयार झालेलं हे सजल आयर्न ऑक्साइड, Fe₂O₃·xH₂O. सूत्रातला x म्हणजे पाण्याचा वाटा, तो ठरलेला नसतो.

कागदाखालून चुंबक फिरतो. कीस त्याच्यामागे धावतो. तपकिरी पूड जागची हलत नाही.