शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग सही का अडली?

नमस्कार श्रोतेहो.

लायसन्सच्या मेडिकलसाठी येणारे डायबिटीसचे पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकतात, "डॉक्टर, शुगर कंट्रोलमध्ये आहे, फाइल तुमच्याकडेच आहे. त्यातून भरा आणि सही करून द्या." मागणी वावगी नाही. सगळी माहिती फाइलमध्ये असताना माणसाला पुन्हा कशाला बसवून ठेवायचं? पण फाइल लिहिली जाते उपचारासाठी आणि फॉर्म विचारतो गाडीबद्दल. हे दोन प्रश्न कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत, ते आज सांगतो.

आरटीओत लागणारा डॉक्टरचा दाखला म्हणजे फॉर्म वन-ए. तो 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला. ट्रान्सपोर्टचं लायसन्स असेल किंवा वयाची चाळिशी उलटली असेल, तर तो लागतो. त्यावर सही करायची ती सरकारने त्यासाठी अधिकार दिलेल्या डॉक्टरने. फॉर्म वाचून पाहा, त्यात डायबिटीस हा शब्दच नाही. नजरेत दोष आहे का, तीव्र रंगांधळेपणा आहे का, 25 मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी वाचता येते का, ऐकू नीट येतं का, रातांधळेपणा आहे का, हातापायांत व्यंग आहे का, एवढंच विचारलंय. शिवाय दोन ओळखखुणा.

मग डायबिटीस कुठे येतो? तो येतो जोडीच्या फॉर्म वनमध्ये. हा फॉर्म अर्जदाराने स्वतः भरून सही करायचा असतो आणि त्यातला पहिलाच प्रश्न असा आहे: तुम्हाला फिट येतात का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते वा चक्कर येते का? त्या 'कोणत्याही कारणाने'मध्ये शुगर लो होणंही आलं. लोक फिट एवढंच वाचतात आणि 'नाही' लिहून मोकळे होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, बावन्न वर्षांचे एक काका आहेत. नारायणगावहून टोमॅटोचा टेम्पो घेऊन माळशेज घाटातून रात्री वाशी मार्केटला जातात. डायबिटीस आठ वर्षांपासून. गोळी रोज दोन वेळा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली. फाइलमध्ये उपाशीपोटीची शुगर 104. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट आधी 7.2 होती, आता 6.4. असा रिपोर्ट पाहिला की डॉक्टरही खूश आणि पेशंटही खूश.

त्याच फाइलमध्ये मागे कधीतरी सर्दी-खोकल्यासाठी आले होते, त्या दिवशीची एक ओळ आहे: "रात्री गाडीवर घाम, हात थरथरतात, चहा-बिस्किटाने बरं." मेडिकलच्या दृष्टीने अख्ख्या फाइलमधली महत्त्वाची ओळ हीच.

काकांना विचारलं तर हिशोब लगेच लागतो. गोळीची वेळ आठची, म्हणून आठला गोळी घेतात. पण पोट भरून जेवलं की घाटात डोळा लागतो, म्हणून नुसता भात-आमटीचा घास खाऊन निघतात आणि खरं जेवण माल उतरवल्यावर, पहाटे. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत बसत नाही. दोन-तीन तासांत तिचा जोर वाढतो आणि नेमकी तेव्हा गाडी घाटात असते. एकादशीला असंच, उलट त्या दिवशी गोळी चुकली नाही याचा काकांना अभिमान! नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणि ती 6.4? एचबीएवनसी ही सरासरी. दुपारी 190 आणि रात्री 60 असेल, तरी सरासरी देखणीच दिसते. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत मला 6.4 पेक्षा लो न होणारी 6.9 जास्त पटते.

मग काकांचं काय करायचं? 'अनफिट' लिहून त्यांचा धंदा बसवायचा नाही आणि डोळे झाकून सहीही करायची नाही. मेटफॉर्मिन चालू ठेवून ग्लिमेपिराइड बंद केली आणि तिच्या जागी सिटाग्लिप्टिन दिली, जिने शुगर लो व्हायची भीती फार कमी. (ही अदलाबदल घरी करू नका, किडनीची तपासणी पाहून गोळी ठरते.) तीन आठवडे निघण्याआधी आणि घाटाआधीच्या चहाच्या थांब्यावर ग्लुकोमीटरवर शुगर बघून वहीत लिहायची. आकडे 115 ते 160 मध्ये राहिले, घाम-थरथर पुन्हा नाही. आता पुढचं बघता येतं.

पण पुढचंही फाइलमधून उतरवायचं नाही, कारण दाखल्याच्या शेवटी डॉक्टर लिहून देतो की अर्जदाराला मी स्वतः तपासलं. नजर आजची हवी. दवाखान्याच्या गल्लीत टेपने 25 मीटर मोजून तिथल्या स्कूटरची प्लेट वाचायला लावायची. अर्जदाराच्या फॉर्ममध्ये दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं विचारलंय, म्हणून एकेक डोळा झाकून. औषध नुकतंच बदलून शुगर भराभर उतरली असेल, तर काही आठवडे नजर धूसर होऊ शकते. तेव्हा घाईने नवा चष्मा करू नये. डोळ्यांच्या पडद्यावर पूर्वी मोठं लेसर झालं असेल, तर कडेचं आणि रात्रीचं कमी दिसू शकतं. प्लेट वाचता आली म्हणजे हे कळलं, असं होत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट लागतो.

पायाचं मी एका प्रश्नावर ओळखतो: चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? हो म्हटलं, की मोजे काढायला लावून तळव्याची संवेदना तपासायची. ब्रेकवर पाय किती दाबला, हे तळव्यालाच कळतं.

फॉर्ममध्ये 'फिट' किंवा 'अनफिट', मधलं काही नाही. म्हणून सही करताना मी फाइलमध्ये लिहून ठेवतो: कोणती गोळी, शुगर शेवटची कधी लो झाली, वहीतले आकडे, डोळ्यांच्या रिपोर्टची तारीख. काका मग फॉर्म वनमध्ये आपलं उत्तर स्वतः लिहितात, खरं काय ते लिहितात आणि वही बरोबर नेतात.

गाडीवरचा एक नियम मात्र सगळ्यांना सांगतो. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी जी मर्यादा आहे, ती आपल्या मापात साधारण 90 येते. त्याखाली असेल तर आधी खायचं, मग चावी फिरवायची. वाटेत घाम सुटला, थरथरलं, तर गाडी कडेला लावून चावी काढायची आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्यायची. बिस्किटाने शुगर सावकाश चढते, ते नंतर. पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. ती नॉर्मलला आली तरी स्टिअरिंगला हात लावायचा तो 45 मिनिटांनी, कारण आकडा आधी सुधारतो आणि डोकं मागून ताळ्यावर येतं. टोमॅटो तेवढा वेळ थांबतात.

मेडिकलला येताना फाइल, ग्लुकोमीटर आणि वही, रोजचा चष्मा, डोळ्यांचा रिपोर्ट आणि घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणा. रिकामी पाकिटंही चालतील, नावं वाचता आली म्हणजे झालं. नमस्कार.