काळ्या ठिपक्यात किती जण राहतात?

नमस्कार. मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे 'काळ्या पेनच्या शाईतले रंग वेगळे करणं आणि त्या प्रत्येकाला नाव देणं'. यातलं वेगळं करणं सोपं आहे: कागदाच्या पट्टीवर ठिपका काढून तिचं खालचं टोक पाण्यात ठेवायचं, चढता चढता पाणी ते स्वतःच करतं. नाव देणं अवघड आहे, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे. भांडणापर्यंत वेळेत पोचले तर बरं. माझा स्वभाव ओळखणारे दोघे-तिघे पहिल्या रांगेत बसलेत, ते आत्ताच हसतायत.

आपल्याकडे म्हण आहे, कोळसा उगाळावा तितका काळाच. ही म्हण रसायनशास्त्राच्या दृष्टीनं निम्मी खरी आहे. शाई काजळीची असेल तर पूर्ण खरी. बऱ्याच काळ्या जेल पेनांत काजळीचे बारीक कण असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, आणि कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. पाणी वरून निघून जातं, ठिपका जागचा हलत नाही. काळ्या स्केच पेनाची गोष्ट उलटी. त्यात बहुतेक वेळा काळा असा एक रंगच नसतो. दोन-तीन विरघळणारे रंग असे मिसळलेले असतात की प्रत्येक जण प्रकाशातला आपापला वाटा गिळतो आणि डोळ्यांपर्यंत काही उरत नाही.

आता ती परीक्षेची गोष्ट. अध्यक्ष, दोन मिनिटं. बरं, पाच.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण ही गोष्ट बहुतेक शाळांची आहे. अडतीस वह्या माझ्यासमोर. प्रत्येकीत हाच प्रयोग, प्रत्येकीत पट्टी चिकटवलेली, आणि खाली निष्कर्ष: 'काळ्या शाईत निळा, तांबडा व पिवळा हे घटक आढळले.' एक वही सोडून सदतीस वेळा, स्वल्पविरामासकट. मी पट्ट्या बघायला लागले. पिवळा जेमतेम चार पट्ट्यांवर. सात-आठ पट्ट्यांवर तळापासून माथ्यापर्यंत एक राखाडी ओघळ, कारण ठिपका म्हणून पोरांनी वाटाण्याएवढा गोळा काढला होता. एका पट्टीवर सुरुवातीची रेघच बॉलपेननं मारलेली. पाण्यात ती हलली नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या मुलीनं मात्र तीच रेघ स्केच पेननं मारली होती आणि तिची अख्खी रेघ इंद्रधनुष्य होऊन वर गेली होती. दिसायला सर्वांत सुंदर पट्टी तीच. आणि एका मुलानं जेल पेन वापरलं होतं. ठिपका होता तिथे, होता तसा, कुळकुळीत. खाली निष्कर्ष? निळा, तांबडा व पिवळा.

एकच वही वेगळी होती. तिच्यात पट्टी कोरीकरकरीत पांढरी आणि खाली लिहिलेलं: 'माझा ठिपका पाण्याच्या पातळीखाली गेला. रंग भांड्यातल्या पाण्यात उतरला. पाणी जांभळट झाले.' त्या पोराला वर्गातल्या गुणांत सगळ्यांत कमी होते. मी सगळ्यांत जास्त दिले. त्यावरून शिक्षकखोलीत जे झालं ते सांगत बसले तर आज शाई सुटायची नाही. पण अडतीस वह्यांतलं एकमेव खरं निरीक्षण त्यानं लिहिलं होतं.

तर पट्टी. ही माझ्या हातात आहे ती. गाळण कागद, 12 सेंटीमीटर उंच. खालच्या कडेपासून 2 सेंटीमीटरवर पेन्सिलीची रेघ. पेन्सिलीचीच, कारण ग्राफाइट विरघळत नाही. रेघेवर काळ्या पेनचा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. तो वाळू द्यायचा, त्याच जागी पुन्हा टेकवायचं, पुन्हा वाळवायचं, असं तीनदा. रंग भरपूर हवा पण जागा कमी हवी, ही सगळी मेख आहे. भांड्यात द्रावक जेमतेम 1 सेंटीमीटर, म्हणजे ठिपका वर कोरडा राहतो. वर झाकण, नाहीतर द्रावक चढता चढता कागदावरून उडून जातं. पट्टी भांड्याच्या भिंतीला चिकटू द्यायची नाही, नाहीतर त्या बाजूनं पाणी धावतं आणि डाग तिरके होतात. द्रावक म्हणून मी साधं पाणी घेत नाही, एका लिटरला 5 ग्रॅम मीठ घातलेलं घेते. साध्या पाण्यात हे रंग सगळेच खुशाल विरघळतात आणि घोळक्यानं वर जातात. मिठामुळे त्यांचं पाण्यातलं मन थोडं उठतं, कागदाकडे ओढ वाढते, आणि ती प्रत्येकाची सारखी वाढत नाही.

कारण एवढंच आहे. प्रत्येक रंगाचा रेणू क्षणभर पाण्यात असतो, क्षणभर कागदाला धरून असतो. पाण्यात असेल तेवढा वेळच तो वर सरकतो. जो कागदाला जास्त वेळ धरतो तो मागे राहतो. वजनाची ही शर्यत नाही, तरी 'हलका रंग वर, जड रंग खाली' असं मी इतक्यांदा वाचलंय की आता फक्त उसासा टाकते.

वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी 1903 मध्ये वॉर्सा इथे वनस्पतींतली रंगद्रव्यं वेगळी करण्याच्या या कल्पनेवर व्याख्यान दिलं आणि 1906 मध्ये पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. त्यांच्याकडे कागद नव्हता, खडूच्या भुकटीनं भरलेली काचनळी होती. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग. आडनावाला जागणं म्हणतात ते हे. गाळण कागदावरची पद्धत 1944 ची, कॉन्स्डन, गॉर्डन आणि मार्टिन यांची. त्यांना वेगळी करायची होती अमिनो आम्लं, म्हणजे बिनरंगाची. कागदावर काही दिसेचना, तेव्हा वरून निनहायड्रिन फवारून डाग उमटवावे लागत. आपल्याला रंग आयते दिसतात. माझ्या मते आपण फसतो ते त्यामुळेच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे.' म्हणजे आता नावं.

द्रावक रेघेपासून 8 सेंटीमीटर चढल्यावर मी पट्टी काढली आणि ओली असतानाच पेन्सिलीनं त्याच्या कडेवर खूण केली. वाळल्यावर ती कड शोधून सापडत नाही. रेघेपासून मोजलं तर गुलाबी डागाचा मध्य 3 सेंटीमीटरवर, पिवळा 5.6 वर, निळा 7.4 वर. डागाच्या अंतराला द्रावकाच्या अंतरानं भागायचं, की गुलाबी 0.38, पिवळा 0.70, निळा 0.93. याला आरएफ म्हणतात. पिवळ्या-निळ्याच्या मधे एक हिरवा पट्टाही दिसतो, मागच्या रांगेतूनही दिसत असेल. तो घटक नाही. पिवळ्याचं डोकं आणि निळ्याची शेपटी एकमेकांवर आलीत. हे मी म्हणते म्हणून मानू नका. तो हिरवा तुकडा कापा, थेंबभर पाण्यात रंग उतरवा, तो नव्या पट्टीवर ठिपका म्हणून लावा आणि पुन्हा चालवा. माझ्याकडे त्यातून पिवळा आणि निळा निघाला, हिरवा उरला नाही. खरा हिरवा असता तर हिरवाच राहिला असता.

आता पिवळ्याला पिवळा म्हणणं हे नाव नव्हे, वर्णन आहे. पिवळे रंग पुष्कळ आहेत. नाव द्यायचं तर शेजारी ओळखीचा रंग हवा, त्याच कागदावर, त्याच भांड्यात, त्याच वेळी. काल दुसऱ्या कागदावर मोजलेला आरएफ आज उपयोगाचा नाही, कारण कागद, तापमान, झाकण किती घट्ट, सगळ्यांनी तो हलतो. म्हणून एकाच रेघेवर तीन ठिपके: डावीकडे शाई, उजवीकडे टार्टरझिन नावाचा ओळखीचा पिवळा, आणि मधे दोन्ही एकावर एक. हा मधला ठिपका महत्त्वाचा. दोघे वेगळे असतील तर तिथे पिवळ्याचे दोन डाग फुटतील किंवा डाग लांबुडका होईल. माझ्याकडे एकच गोल डाग आला. दुसरं द्रावक घेतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन भाग आणि पाण्याचा एक (ज्योत जवळ नको), तिथेही एकच डाग. म्हणून मी लिहिलं, 'टार्टरझिनशी जुळणारा पिवळा'. 'टार्टरझिन' असं लिहिलं नाही. न जुळणं हा पुरावा असतो, जुळणं हा फक्त संशय.

गुलाबीच्या बाबतीत मला खात्री होती. आयोडीनवाला एरिथ्रोसिन असणार, तो असाच मागे रेंगाळतो. शेजारी लावला तर तो 0.2 च्या आसपास थांबला आणि आमचा गुलाबी 0.38 ला. माझी खात्री तिथे संपली.

आणि निळा. मिठाच्या पाण्यात तो ब्रिलियंट ब्लू नावाच्या ओळखीच्या निळ्याशी तंतोतंत जुळला, मधला ठिपकाही एकच. मी खूश. पण 0.93 म्हणजे जवळजवळ द्रावकाच्या कडेला. तिथे पाण्यावर जीव असलेला कुठलाही रंग येऊन पोचतो, त्यामुळे तिथलं जुळणं फारसं काही सांगत नाही. अल्कोहोलच्या मिश्रणात तोच निळा मंदावला आणि दोन निळ्यांत फुटला. वरचा ब्रिलियंट ब्लूच्या जोडीनं गेला. खालचा, किंचित जांभळट, कुठल्याच ओळखीच्या रंगाशी जुळेना. म्हणजे ठिपक्यात तीन नव्हे, निदान चार जण. निदान, कारण तिसरं द्रावक मी अजून घेतलेलं नाही.

दोन मिनिटांची चिठ्ठी आली. पट्ट्या मागच्या टेबलावर आहेत, खाली पेन्सिलीनं लिहिलंय: पिवळा, टार्टरझिनशी जुळणारा. निळा एक, ब्रिलियंट ब्लूशी जुळणारा. निळा दोन, नाव ठरायचंय. गुलाबी, एरिथ्रोसिन नव्हे. कडांना धरून उचला, बोटांचं तेल लागलं की पुढच्या वेळी डाग तिथे वाकतात.