वर गार, आत विस्तव

नमस्कार श्रोतेहो. आजची गोष्ट हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधली, म्हणजे जिथं कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी दाबतात तिथली. कापसाचा हंगाम, पौषाची थंडी आणि रातपाळीचे चौकीदार महादेवराव. अंगात टेरिकॉटचा गणवेश. हा कपडा ज्यानं ठरवला, त्यानं विदर्भातली एक रात्र बाहेर काढावी असं मला फार वाटतं. असो.

नवा सुपरवायझर निखिल, वय चोवीस. त्यानं भिंतींवर कोड चिकटवले. दर तासाला फेरी मारायची आणि मोबाइलनं कोड टिपायचा. एका सकाळी दोन ते चारच्या फेऱ्या कोऱ्या दिसल्या.

"काका, झोपले होते का?"

"नाही जी. गाठीपाशी बसलो होतो. वास येऊन रायला."

निखिलनं गाठीला हात लावला. गार! त्यानं खाडा लिहायला पेन काढलं. महादेवराव म्हणाले, "वरून नोका पाहू साहेब. पट्टीच्या फटीत नाक लावा."

निखिल वाकला. इस्त्री विसरलेल्या सदऱ्यासारखा वास आला.

कापसात खडा किंवा खिळा आला, यंत्रात घासला, की ठिणगी उडते. ती रुईबरोबर दाबली जाते. १७० किलोच्या घट्ट गाठीत हवा कमी, म्हणून जाळ होत नाही. आतल्या आत धुमसत राहतं, कधी कधी कित्येक दिवस. वर गार, आत विस्तव. पुन्हा सांगतो, वर गार, आत विस्तव.

निखिल पट्ट्या कापायला निघाला. महादेवरावांनी त्याचा हात धरला. "उघडू नोका! हवा लागली का भडकते. पयले मैदानात न्या."

चौघांनी हातगाडीवर गाठ बाहेर नेली, बाकीच्या गाठींपासून लांब. पाण्याचा पाइप जवळ ओढला.

आता निखिलचं डोकं चाललं. त्यानं गाठीवरचा नंबर पाहिला, प्रेसचं रजिस्टर उघडलं. ही गाठ रात्री सव्वाअकराची. मग तिच्या आधीची आणि नंतरची कुठं आहे? दोन्ही गोदामात, थप्पीच्या मधोमध! त्याही बाहेर काढल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे धूर निघाला तो पहिल्या गाठीतून, आणि नंतरच्या गाठीतूनही. त्या दुसरीचा वास महादेवरावांनाही आला नव्हता.

"हे नंबराचं मले सुचलं नसतं," म्हातारा म्हणाला.

खाडा कोणी लिहिला नाही. पण कोडही निघाले नाहीत. निखिल तिथं हटला नाही, आणि मला वाटतं बरोबरच केलं. फक्त गोदामाच्या फेरीला तासाऐवजी हवा तेवढा वेळ मिळाला, आणि रजिस्टरमध्ये 'वास' नावाचा रकाना आला. महादेवराव त्यात गाठीचा नंबर लिहू लागले. पहिल्याच आठवड्यात तीनचे आठ झाले. निखिलनं विचारलं, तर म्हणाले, "चष्मा नाही ना जी."

दुसऱ्या दिवशी निखिलनं मालकाकडे अर्ज दिला: एक चष्मा, एक लोकरी कोट.

चष्मा मंजूर झाला. कोटाचं अजून चालू आहे.