झाडातली पाण्याची दोरी तुटते तेव्हा

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

एप्रिलमध्ये येऊरच्या रस्त्याने गेलात तर साग खराट्यासारखा उभा दिसतो. तो मेलेला नसतो. पाणी कमी पडणार म्हणून त्याने आधीच पानं टाकून खर्च थांबवलेला असतो. खात्री करायची असेल तर बारीक फांदीची साल नखाने जरा खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं निघालं तर जाड फांदीकडे सरकत पुन्हा पाहा. आज बोलायचं आहे ते अशा झाडांबद्दल, ज्यांची ही खूण बुंध्यापर्यंत कोरडी निघते.

झाडाला पंप नसतो. पानातून वाफ निघते आणि ती जागा भरायला खालचं पाणी ओढलं जातं. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून मुळापासून शेंड्यापर्यंत जलवाहिन्यांत पाण्याची अखंड दोरी ताणलेली राहते. 1894 साली डिक्सन आणि जोली यांनी हे मांडलं. ताण किती असतो? कडक उन्हात पुष्कळ झाडांत तो 20 वातावरणांइतका होतो. गाडीच्या टायरमध्ये हवा साधारण दोन वातावरणांच्या दाबाने भरतो. इथे त्याच्या दसपट जोर आहे आणि तो ढकलणारा नाही, ओढणारा आहे.

माती सुकली की पाणी सोडत नाही आणि ताण वाढतो. एका जलवाहिनीतून दुसरीत जाताना पाणी भिंतीतल्या खाचांच्या पडद्यातून जातं. त्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की शेजारच्या हवा भरलेल्या वाहिनीतून तिथून बुडबुडा आत खेचला जातो, फुगतो आणि ती अख्खी वाहिनी बाद होते. गुलछडीचा दांडा हवेत कापला की टोकाशी असंच होतं. म्हणून तो पाण्यात बुडवून पुन्हा कापायचा.

एक वाहिनी गेल्याने झाड मरत नाही. पण तेवढंच पाणी उरलेल्यांतून ओढावं लागतं, त्यांच्यावरचा ताण वाढतो, मग त्याही तुटतात. झाड पर्णरंध्रं मिटून घेतं, तरी पानांच्या पृष्ठभागातून थोडं पाणी झिरपत राहतं, आणि हवा तापली की जास्त. सूचिपर्णी झाडांत वहनक्षमता निम्म्याने घटली, तर रुंद पानांच्या झाडांत साधारण 88 टक्के घटली, की परत येणं अवघड होतं. त्यानंतर पाऊस आला तरी उंच झाडात बंद वाहिन्या सहसा लगेच भरत नाहीत. नवं लाकूड तयार व्हावं लागतं, आणि त्याला पानं लागतात.

यावर आक्षेप असा होता की रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न बनत नाही, म्हणजे झाड उपाशी मरत असेल. त्याची कसोटी लागली ब्राझीलमधल्या अॅमेझॉनच्या कशिउआना भागातल्या जंगलात. तिथे 2002 पासून एक हेक्टर जंगलात जमिनीच्या थोडं वर प्लॅस्टिकचे पत्रे लावून साधारण निम्मा पाऊस बाहेर वळवला. कडेने चर खणला, नाहीतर मुळांनी शेजारचं पाणी ओढलं असतं. पहिली काही वर्षं जंगल टिकलं. मग मोठी झाडं पडू लागली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, पावसाविना राहिलेल्या झाडांतला साखर-पिष्टाचा साठा संपलेला नव्हता. मरण्याचा धोका जास्त होता तो बुडबुड्यांना लवकर बळी पडणाऱ्या वाहिन्यांच्या मोठ्या झाडांना. तेरा वर्षांत जंगलाचा जैवभार, म्हणजे झाडांचं एकूण वजन, सुमारे 40 टक्क्यांनी घटला. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

पुढचं तितकंच महत्त्वाचं. बावीस वर्षांनी पाहिलं तर उरलेल्या झाडांवर शेजारच्या नेहमीच्या जंगलापेक्षा जास्त ताण नव्हता. खाणारी तोंडं कमी झाली, प्रत्येकाच्या वाट्याला पाणी जास्त आलं, जंगल पुन्हा स्थिरावलं, पण बारीक होऊन. म्हणजे दुष्काळ पडला की जंगल लगेच गवताळ माळ होतं, असं नाही.

मात्र या प्रयोगाला दोन मर्यादा आहेत. पत्र्यांनी फक्त माती कोरडी केली. हवा आजूबाजूच्या जंगलाचीच, दमट राहिली. खऱ्या दुष्काळात हवाही तापते आणि कोरडी होते. न्यू मेक्सिकोत 2002 च्या आसपासच्या उष्ण दुष्काळात एका अभ्यासस्थळी 90 टक्क्यांहून जास्त पिन्यन पाइन मेले. दुबळ्या झाडांना भुंग्यांनी संपवलं.

दुसरं, एका हेक्टरची झाडं मेल्याने आभाळातला पाऊस बदलत नाही. अख्ख्या अॅमेझॉनचं तसं नाही. तिथल्या पावसाचा मोठा वाटा झाडांनीच वाफेच्या रूपात परत पाठवलेला असतो आणि वारा तो पश्चिमेकडे नेतो. पूर्वेची मोठी झाडं गेली की पश्चिमेला पाऊस घटतो, तिथल्या वाहिन्यांवर ताण वाढतो. एका वाहिनीचं ओझं शेजारणीवर पडतं, तसंच हे जंगलांमध्ये चालतं. 2018 साली लव्हजॉय आणि नोब्रे या शास्त्रज्ञांनी 20 ते 25 टक्के जंगलतोडीला कडेलोट येईल, म्हणजे त्यापुढे जंगलाला सावरता येणार नाही, असा अंदाज मांडला. नेमका आकडा वादाचा आहे. ओढाताणीची दिशा मात्र वरच्या बुडबुड्याइतकीच स्पष्ट आहे.