सरासरी बघू नका, कोटा संपलेले दिवस मोजा

(डिचोलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. विषय तसा रुक्ष आहे, रिचार्जचा, पण हॉल भरलाय म्हणजे खिशाला लागतंय सगळ्यांच्याच.

आता कुठला प्लॅन चांगला असं मला खाली चहा घेतानाच तिघा-चौघांनी विचारलं. मी ते सांगणार नाही, कारण तुमचा वापर किती ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू का, बहुतेकांना स्वतःलाही माहीत नसतं, विचारलं की म्हणतात "भरपूर लागतं हो डेटा". भरपूर म्हणजे किती ते तुमच्या कंपनीकडे लिहिलेलं आहे, दिवसवार, वेळेसकट, तो कागद आधी मागवायचा. पोस्टपेडवाल्यांना बिल आपोआप येतं, प्रीपेडवाल्यांना वाटतं आपल्याला बिलच नाही. तसं नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे प्रीपेड ग्राहकानेही मागितलं तर कंपनीला तपशीलवार हिशेब द्यावा लागतो, त्यासाठी फार तर ५० रुपये घेता येतात, आणि मागच्या सहा महिन्यांपर्यंतचाच द्यायचं बंधन आहे, त्यामुळे जुनं मागायला उशीर करू नका. बऱ्याच कंपन्यांच्या ऍपमध्ये 'स्टेटमेंट' म्हणून तेच फुकट मिळतं, पीडीएफ ईमेलवर येते.

या कागदात काय असतं? कॉलचा नंबर, वेळ, किती सेकंद, आणि डेटाचं प्रत्येक सेशन, कधी सुरू झालं, किती एमबी. एका दिवसात चाळीस-पन्नास ओळीसुद्धा असतात, म्हणून आधी तारखेप्रमाणे बेरीज करून घ्यायची, एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. तारीख A मध्ये, एमबी C मध्ये, आणि E2 पासून खाली अठ्ठावीस तारखा ओळीने लिहिल्या की F2 मध्ये हे, आणि तेच खाली F29 पर्यंत ओढायचं:

```
=SUMIF(A:A,E2,C:C)
```

आणि मग १ जीबीच्या वर किती दिवस गेले ते बघायला:

```
=COUNTIF(F2:F29,">1024")
```

एवढंच. आता एक खरं उदाहरण घेऊ, माझ्या भाच्याचं. राहतो माशेलला, नोकरी वेर्ण्याच्या वसाहतीत, घरी ब्रॉडबँड आहे, फोन ४जीचा. प्लॅन रोज २ जीबी, २८ दिवस. भाव मी आज गोल धरतोय म्हणजे हिशेब डोक्यात राहील, खरे भाव तर दर थोड्या दिवसांनी बदलतात, ते ट्रायच्या tariff.trai.gov.in वर सगळ्या कंपन्यांचे एकत्र बघता येतात, आणि आपलं सर्कल तिथे 'महाराष्ट्र' शोधायचं, गोवा त्यातच येतो. तर समजा त्याचा प्लॅन ३६० रुपयांचा.

जुलैच्या स्टेटमेंटची बेरीज केली, २८ दिवसांत २२.४ जीबी. मिळालेले ५६. म्हणजे अर्ध्याहून जास्त डेटा रोज रात्री बारा वाजता वाया गेला, कारण रोजचा कोटा उरला तरी सहसा पुढे जात नाही. तो म्हणाला, मामा, सरासरी ०.८ पडते, मी रोज १ जीबीवाला प्लॅन घेतो, तो समजा २८० ला आहे, ऐंशी रुपये वाचले.

इथेच सगळे फसतात. कारण त्याचा वापर रोज ०.८ नव्हताच. १७ दिवस अर्ध्या जीबीच्याही खाली होते, सगळे मिळून ६ जीबी. ७ दिवस साधारण १.२ चे, म्हणजे ८.४. आणि ४ दिवस बरोबर २ जीबीला येऊन थांबलेले, ते ८. म्हणजे १ जीबीच्या प्लॅनवर त्याचे ११ दिवस कमी पडले असते. कमी पडलं की माणूस काय करतो, ऍड-ऑन मारतो, एका दिवसाचा १ जीबी वीस रुपयांना धरा, अकरा वेळा वीस म्हणजे २२०. वाचवायचे होते ऐंशी! एकदम मोठा ऍड-ऑन घेतला, समजा ८० ला ६ जीबी, तरी हिशेब परत ३६० वरच येतो, आणि वर कटकट.

आणि ते चार दिवस, त्यांच्याकडे नीट बघा, तिथे आणखी एक गंमत आहे. २०४८ एमबीच्या आसपास येऊन चिकटलेला आकडा म्हणजे त्याला तेवढाच डेटा हवा होता असं नाही, तिथे कंपनीने स्पीड ६४ केबीपीएसवर आणला म्हणून आकडा थांबला. त्याची खरी गरज २.१ असेल किंवा ५ असेल, कागदावर दोन्ही २ च दिसणार. मग ओळखायचं कसं? सेशनच्या वेळा बघायच्या. कोटा रात्री साडेअकराला संपला असेल तर फार काही अडलं नाही. दुपारीच संपला असेल तर तुमची खरी गरज बरीच वर आहे असं समजा. ह्याचा तीन दिवस संध्याकाळी सातला घरी आल्यावर सुरू होऊन साडेनऊलाच खल्लास झाला होता.

सातला घरी आल्यावर का? घरी ब्रॉडबँड आहे ना! म्हणून त्या तारखा ब्रॉडबँडच्या ऍपमध्ये बघितल्या तर तिथे त्या तिन्ही दिवशी संध्याकाळचा वापर शून्य. पावसात झाड पडलं, फायबर तुटली, हा लॅपटॉप हॉटस्पॉटवर लावून बसला. चौथा दिवस रविवारचा, वाळपईला सासुरवाडीला गेलेले, पोराने मोबाईलवर कार्टून लावलं. म्हणजे बघा, मोबाईलचं बिल एकटं वाचलं असतं तर वाटलं असतं ह्याला २ जीबीसुद्धा पुरत नाही, आणि खरं दुखणं ब्रॉडबँडचं होतं, ते पण पावसाळ्यातलं. मोबाईल आणि ब्रॉडबँडचे कागद शेजारी-शेजारी ठेवूनच वाचायचे, हे मी दहादा सांगीन.

मग त्याला बसणारा प्लॅन कुठला? रोजच्या कोट्याऐवजी महिन्याचा एकगठ्ठा डेटा देणारे प्लॅन असतात, जाहिरातीत कमी दिसतात पण असतात. समजा २५ जीबी, ३० दिवस, ३२० रुपये. ह्याची २८ दिवसांची गरज २२.४, तीस दिवसांना २४ झाली, बसते, थोडी घट्ट आहे. आता २८ आणि ३० ची तुलना सरळ करू नका, दिवसावर आणा. ३६० भागिले २८ म्हणजे १२ रुपये ८६ पैसे रोज. ३२० भागिले ३० म्हणजे १० रुपये ६७ पैसे. वर्षाला साधारण आठशे रुपयांचा फरक. २८ दिवसांचे वर्षाला तेरा रिचार्ज होतात हे लोकांच्या लक्षातच येत नाही, बारा महिने म्हणून बारा धरतात, आणि ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान काही प्लॅन ३० दिवसांचे ठेवायला लावले ते याचसाठी.

पण एकाच महिन्यावर निर्णय घ्यायचा नाही. सहाही महिने काढले आणि त्यातला सर्वात वाईट घेतला. ह्याचा वाईट म्हणजे चवथीचा, आठवडाभर मूळ घरी, ब्रॉडबँड नाही, ३१ जीबी गेले. एकगठ्ठा प्लॅनमध्ये त्या महिन्यात तो ऐंशीचा ६ जीबी ऍड-ऑन लागेल, वर्षातून एकदा, चालतंय. तुमचे सहापैकी तीन महिने असे जात असतील तर मात्र हा प्लॅन तुमच्यासाठी नाही.

(एका मुलाने विचारलं: पण सर, ५जी?)

बरोबर पकडलंस. काही कंपन्या रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनवरच ५जी अमर्याद देतात, तो वापर रोजच्या कोट्यातून कापला जात नाही. म्हणजे तुझ्याकडे ५जी फोन असेल, तुझ्या भागात ५जी खरोखर पकडत असेल आणि तू खालच्या प्लॅनवर आलास, तर आतापर्यंत कोट्याबाहेर मिळणारे जीबी अचानक कोट्यातून जायला लागतील. तेव्हा स्टेटमेंटमध्ये ५जीचा वापर वेगळा दाखवलाय का ते आधी बघ, दाखवला नसेल तर एक दिवस फोनच्या सेटिंगमधून नेटवर्क ४जीवर ठेव आणि ऍपमध्ये कोटा किती पळतो ते बघ.

ब्रॉडबँडचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे जीबीचा प्रश्न जवळजवळ नाहीच. भाच्याच्या घरी महिन्याला २४० जीबी जातात, मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनची मर्यादा बहुतेक ३३०० जीबीच्या घरात असते. तिथे स्पीड बघायचा, आणि एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, तर चार जण एकावेळी बघत असले तरी वीस झाले, ४० चा प्लॅन असताना शंभरचा कशाला? वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून लोक स्पीड वाढवतात, पण जाड भिंतींच्या जुन्या घरात राउटरची जागा बदलल्याशिवाय काही होत नाही. आणि एक, मोबाईलचा रिचार्ज जीएसटीसकट लिहिलेला असतो, ब्रॉडबँडचं भाडं बहुतेक वेळा जीएसटी सोडून. ४९९ लिहिलेलं दिसलं की १८ टक्के धरून ५८९ समजायचे.

(मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं: माझ्या आईला नुसते कॉल लागतात, तिच्यासाठी काय?)

आईचा फोन कुठला, बटणांचा? मग तिचं स्टेटमेंट काढून दोनच गोष्टी बघा. डेटा ८४ दिवसांत वीस-तीस एमबी असेल तर ती डेटाचे पैसे उगाच भरतेय. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवणं बंधनकारक केलंय, मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येते, ते ऍपच्या पहिल्या पानावर सापडणार नाहीत, खाली जाऊन शोधा. दुसरं म्हणजे मिनिटं. हे प्लॅन अमर्याद कॉलचे असतात, पण तिने स्वतः लावलेले कॉल महिन्याला पाच-दहाच असतील आणि बाकी सगळे येणारे, तर अमर्यादचे पैसे तरी का भरायचे, साध्या टॉक-टाइमवर भागतं का बघा, फक्त मुदत संपली की येणारे कॉलही बंद होतात, ती तारीख सांभाळा. टॉक-टाइमवर मिनिटांच्या बेरजेपेक्षा कॉलची संख्या महत्त्वाची, कारण मिनिटाला दर असेल तर वीस सेकंदांचा "पोचलीस का गो" एक मिनिट धरला जातो. आणि घरात कोणी तारवटी असेल, बोटीवरून व्हॉट्सऍपवर कॉल करणारा, तर ते कॉल मिनिटांत दिसणारच नाहीत, डेटात दिसतील. साध्या बटणांच्या फोनवर बहुधा तो प्रश्न येत नाही, पण उद्या तिला स्मार्टफोन दिलात तर घरच्या वायफायला जोडून द्या आणि पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट आल्यावरच तिचा प्लॅन बदला.